एफसीत ठेवायचं की घरून पाठवायचं? ठाणे–नवी मुंबईच्या छोट्या विक्रेत्यासाठी हिशेब

ऑनलाइन विक्रीचं खातं उघडलं की आठवड्याभरात फोन येतो. "सर, माल आमच्या वेअरहाऊसला टाका, पॅकिंग-डिलिव्हरी सगळं आम्ही बघतो." ऐकायला छान वाटतं आणि ते पूर्ण खोटंही नसतं. पण ठाणे, कळवा, ऐरोली किंवा कोपरखैरण्यात बसलेल्या माणसाने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. भिवंडी आपल्या दारात आहे. माणकोली, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांतून देशभर माल जातो. इतर गावच्या विक्रेत्याला तिथे माल ठेवून जे अंतर वाचवता येतं, ते आपलं आधीच वाचलेलं असतं. त्यामुळे बाहेरगावच्या विक्रेत्यांचे व्हिडिओ पाहून आपला निर्णय घेता येत नाही.

मार्ग तीन आहेत. एक, माल अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन बाजारपेठेच्या गोदामात, म्हणजे फुलफिलमेंट सेंटरमध्ये किंवा एफसीत ठेवायचा आणि पॅकिंगपासून पोहोचवण्यापर्यंत सगळं त्यांच्यावर सोडायचं. दोन, माल घरी किंवा गाळ्यात ठेवायचा, पॅक आपण करायचा आणि बाजारपेठेचा पिकअपवाला येऊन नेतो. अ‍ॅमेझॉनवर याला इझी शिप म्हणतात. तीन, माल आपला, पॅकिंग आपलं आणि कुरियरही आपण ठरवलेलं, म्हणजे सेल्फ शिप. नवखे लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गाची गल्लत करतात. दोन्हींचा खर्च वेगळा येतो, म्हणून आधीच वेगळे धरा.

उदाहरणाला चकलीचा पितळी सोऱ्या घेऊ, सोबत सहा जाळ्या. मुद्दाम हा माल निवडला, कारण वर्षातली बहुतेक विक्री दिवाळीच्या आधीच्या काही आठवड्यांत होते आणि उरलेला माल हा या निर्णयाचा खरा गाभा आहे. वर्षभर सारखा खपणारा मोबाइल कव्हरसारखा माल असेल तर निर्णय सोपा असतो.

पहिलं काम: खोकं मोजा

फी बघण्याआधी टेप आणि वजनकाटा काढा. सोऱ्या खोक्यासकट ७५० ग्रॅम भरला असं धरू. खोकं २४ × १२ × १२ सेंटीमीटरचं. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार ३,४५६. त्याला ५,००० ने भागलं की येतं ते आकारमानी वजन: जवळपास ६९० ग्रॅम. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांत जे जास्त, त्यावर बिल लागतं. इथे ७५० ग्रॅम जास्त, म्हणून १ किलोचा स्लॅब.

आता तोच सोऱ्या घरात पडलेल्या ३० × २० × १५ च्या खोक्यात, चार वर्तमानपत्रं कोंबून पाठवला तर? गुणाकार ९,०००, आकारमानी वजन १.८ किलो. माल तोच, पण बिल २ किलोच्या स्लॅबचं. घरून पाठवणाऱ्यांचा नफा बऱ्याचदा कुरियरपेक्षा अशा मोकळ्या खोक्यांत जातो. सोऱ्याच्या मापाचं खोकं बनवून घ्या. त्यावर पातळ कुरियर पिशवी पुरते.

एफसीत माल टाकणार असाल तर हे माप आणखी काटेकोर हवं. तिथे यंत्राने मोजलेलं माप तुमच्या लिस्टिंगला चिकटतं आणि पुढे प्रत्येक नगावर तेच लागतं. पहिल्या दोन-चार ऑर्डरींच्या बिलात लागलेलं वजन तपासा. चुकीचं असेल तर खोक्यावर टेप आणि काट्यावर खोकं असे फोटो काढून फेरमोजणी मागा. हजार नग गेल्यावर हे लक्षात येण्यात काही अर्थ नाही.

दुसरं काम: एका नगाचा हिशेब मांडा

फीचे दर वर्षातून कधीही बदलतात आणि वस्तूच्या प्रकारानुसार वेगळे असतात. म्हणून पुढचे दर फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमचे दर सेलर खात्यातल्या फी कॅल्क्युलेटरमधून घ्या आणि त्याच जागी टाका. हिशेबाची रीत मात्र हीच.

ग्राहकाने ५२५ रुपये दिले, त्यातले २५ जीएसटीचे, तुमच्याकडे ५०० राहिले. सोऱ्या तुम्हाला २६० ला पडला. कमिशन ग्राहकाने दिलेल्या पूर्ण रकमेवर लागतं, दहा टक्के धरले तर साडेबावन्न, हिशेबाला ५२ रुपये धरू.

एफसीचा मार्ग: कमिशन ५२, प्रत्येक ऑर्डरमागची क्लोजिंग फी २५, माल काढून पॅक करण्याचे म्हणजे पिक-पॅकचे १५, परराज्यातल्या ग्राहकाकडे शिपिंग ७५. झाले १६७. त्यावर साठवणुकीचं भाडं. ते घनफुटावर लागतं आणि आपलं खोकं सुमारे ०.१२ घनफूट आहे. घनफुटाला महिना ४५ रुपये धरले तर नगामागे साडेपाच. गोदामापर्यंतचा टेम्पो, हमाली आणि गेटवर थांबल्याचे पैसे मिळून ३०० नगांना २,७०० धरले तर नगामागे ९. लेबल १ रुपया. एकूण १८२ रुपये ५० पैसे. उरले ५७ रुपये ५० पैसे.

घरून, बाजारपेठेच्या पिकअपने: कमिशन ५२, क्लोजिंग ३०, शिपिंग ८५. हेही १६७. पॅकिंगचं सामान १४ आणि पॅक करणाऱ्याची मजुरी १०. एकूण १९१, उरले ४९.

सेल्फ शिप: कमिशन आणि क्लोजिंग मिळून ८२, आपल्या कुरियरचे ९५, पॅकिंग-मजुरी २४. एकूण २०१, उरले ३९. दिवसाला दहा-पंधरा पार्सलं देणाऱ्याला कुरियर कंपनी मोठ्या विक्रेत्याचा भाव देत नाही, हे त्यामागचं कारण. तुमची स्वतःची वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामवरची विक्री असेल आणि त्यामुळे कुरियरचा दर आधीच घासाघीस करून खाली आणलेला असेल, तरच हा मार्ग उघडा. नवख्याने पहिल्या वर्षी तो सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पुढे फक्त पहिल्या दोघांची तुलना करू.

या मांडणीत दोन गोष्टी दिसतात. बाजारपेठेचं बिल दोन्हीकडे जवळपास तेवढंच आलं. फरक पडला तो चिकटपट्टी, पिशवी आणि हातांचा: नगामागे साडेआठ रुपये एफसीच्या बाजूने. घरचेच लोक रात्री जेवणं आटोपल्यावर पॅक करत असतील आणि त्यांची मजुरी तुम्ही शून्य धरत असाल, तर उलट घरचा मार्ग दीड रुपयाने सरस ठरतो. शून्य धरायची की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे, पण दिवसाला चाळीस ऑर्डरी आल्या की घरचे लोकच तुम्हाला सांगतील.

दुसरी गोष्ट शिपिंगची. ती माल जिथून निघतो तिथून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यावर लागते: स्थानिक, प्रादेशिक की देशभर. चेन्नईच्या ग्राहकासाठी कळव्याहून निघालेलं पार्सल आणि भिवंडीहून निघालेलं पार्सल एकाच टप्प्यात येतात. अंतर खरंच वाचवायचं तर माल बंगळुरू, दिल्लीकडच्या एफसीत विभागून ठेवावा लागतो, आणि मग जीएसटीचं वेगळंच प्रकरण सुरू होतं. त्याकडे येतोच.

मग भिवंडीच्या एफसीत ठेवून मिळतं काय? जलद डिलिव्हरीचा बिल्ला. अ‍ॅमेझॉनवर प्राइमचं चिन्ह, फ्लिपकार्टवर अ‍ॅश्युअर्डचं. दिवाळीला आठ दिवस राहिलेले असताना "परवा मिळेल" आणि "सहा दिवसांत मिळेल" यांतला फरक ग्राहक नक्की बघतो. तो तुमच्या मालाला किती लागू पडतो हे मात्र करून बघूनच कळतं. एकाच सोऱ्याचे ५० नग एफसीत टाका, बाकी घरून चालू ठेवा, किंमत तीच ठेवा आणि महिनाभर दोन्हीकडची विक्री बघा.

सेटलमेंटच्या पत्रकात आणखी दोन वजावटी दिसतील: जीएसटीचा टीसीएस आणि प्राप्तिकराचा टीडीएस. १० जुलै २०२४ पासून टीसीएस अर्धा टक्का आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टीडीएस ०.१ टक्का. ह्या फी नव्हेत, तुमच्याच खात्यावर जमा होणाऱ्या रकमा आहेत आणि कुठल्याही मार्गाने विकलं तरी त्या कापल्या जातात. तुलनेतून त्या काढून टाका. फीवर लागणारा १८ टक्के जीएसटीही नियमित नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणून वर धरलेला नाही.

तिसरं काम: उरलेल्या मालाचा हिशेब, तोही आधीच

एफसीत गेलेला पण न खपलेला नग काय करतो ते बघा. समजा दिवाळीनंतर तुम्ही तो परत मागवला. परत पाठवण्याची फी २० धरू. दोन महिन्यांचं भाडं ११. जाताना लागलेले टेम्पो आणि लेबल मिळून १०. म्हणजे ४१ रुपये, आणि हातात विक्री शून्य. खपलेल्या नगामागे एफसीचा फायदा साडेआठ रुपये होता. एका उरलेल्या नगाचा खड्डा भरायला जवळजवळ पाच नग खपावे लागतात.

सहा नग पाठवले आणि एक उरला तर बरोबरी. त्याहून जास्त उरले तर तो माल घरीच ठेवायला हवा होता.

आता ३०० नगांवर बघू. बरोबरीची रेषा ५० वर. १८० खपले आणि १२० उरले, तर खपलेल्यांचा जास्तीचा फायदा १,५३० रुपये आणि उरलेल्यांचा भुर्दंड ४,९२० रुपये. त्यातच १२० नगांत ३१,२०० रुपये अडकलेले. बिल्ल्यामुळे जास्तीचे नग खपले असतील तर त्यांचा पूर्ण नफा एफसीच्या बाजूला मिळवायचा, हे खरं. पण तो तुम्ही आधी ५० नगांवर तपासलेला असावा, फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावर नाही.

नग परत न मागवता पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहू दिले तर? महिन्याचे साडेपाच रुपये क्षुल्लक वाटतात, पण बराच काळ पडून राहिलेल्या मालावर बाजारपेठा जादा भाडं लावतात. बारा महिन्यांत साध्या भाड्यानेच नगामागे ६६ रुपये होतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा नफा आधीच संपलेला.

घरची साठवणही फुकट नाही, हे मान्य. वन बीएचकेचा माळा ३०० खोक्यांनी भरला की दिवाळीची साफसफाई कशी होते ते वेगळं सांगायला नको. पण घरच्या मालाचा एक मोठा फायदा असतो: तो कुठेही विकता येतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जांभळी नाक्याचा भांडीवाला म्हणाला, "पन्नास आहेत का, आत्ता रोख देतो," तर घरचा माल अर्ध्या तासात जातो. एफसीतला माल परत यायला दिवस नाही, आठवडे लागू शकतात आणि तोवर फराळ खाऊन संपलेला असतो.

म्हणून ३०० सोऱ्यांसाठी मी अशी विभागणी करीन: गेल्या वर्षी जेवढी विक्री झाली तिच्या साधारण निम्मा माल एफसीत, बाकी घरी. एफसीतला संपत आला आणि दिवाळीला अजून तीन आठवडे असतील तर दुसरी खेप. त्यानंतर खेप पाठवू नये. सणाच्या तोंडावर गोदामाच्या अपॉइंटमेंटा मिळत नाहीत आणि माल आत घेतला तरी तो लिस्टिंगवर दिसायला वेळ लागतो. तेव्हा घरच्या मालावरची लिस्टिंग चालू असली म्हणजे झालं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पहिली खेप सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आत गेलेली असावी, म्हणजे दसऱ्याच्या आसपासची विक्रीही पकडता येते.

चौथं काम: जीएसटीत पत्ता घाला

हे काम लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच खेप अडते. ज्या एफसीत माल ठेवणार तिचा पत्ता तुमच्या जीएसटी नोंदणीत "अतिरिक्त व्यवसायाचं ठिकाण" म्हणून हवा. भिवंडी महाराष्ट्रातच असल्याने नवा नंबर लागत नाही. पोर्टलवर Amendment of Registration Core Fields मध्ये जाऊन तो पत्ता जोडायचा. गोदामाचा पत्ता आणि संमतीची कागदपत्रं बाजारपेठ देते. पत्ता अक्षर न् अक्षर तसाच टाका, गाळा नंबर वगळला तरी प्रश्न येऊ शकतो. अधिकाऱ्याला निर्णयासाठी १५ कामकाजाचे दिवस असतात आणि शंका काढली तर आणखी वेळ जातो. दिवाळीसाठी हा अर्ज जुलैत करावा.

माल हलवताना भिवंडीसाठी डिलिव्हरी चलन पुरतं, कारण नंबर एकच आहे आणि विक्री झालेली नाही. चलनाच्या तीन प्रती काढा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. आपले ३०० सोऱ्ये ७८,००० चे, म्हणजे लागत नाही.

बंगळुरूला पाठवायचं तर सगळंच बदलतं. कर्नाटकचा वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागतो. तुमचेच दोन नंबर कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती, म्हणून चलन चालत नाही, टॅक्स इन्व्हॉइस काढून आयजीएसटी भरावा लागतो. ७८,००० वर ५ टक्क्यांनी ३,९०० रुपये. त्याचं क्रेडिट कर्नाटकच्या नंबरवर मिळतं आणि तिथे विक्री होईल तसं वापरलं जातं. विक्री झाली नाही तर मालाबरोबर करही तिकडेच पडून. परराज्यात माल जाताना ई-वे बिलाची मर्यादा ५० हजारांची, आणि दर महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रं दुप्पट. हंगामी मालासाठी हा खटाटोप करू नका.

पाचवं काम: परत येणारा माल

हातात ताबा असणं म्हणजे काय, ते परतीच्या खोक्यात कळतं. सोऱ्यात सहा जाळ्या असतात. एखादा ग्राहक चकली काढतो, सोऱ्या धुतो आणि परत पाठवतो, त्यात शेवेची बारीक जाळी नसते. खोकं तुमच्या घरी आलं तर तुम्ही उघडून मोजता. भोकांत अडकलेली भाजणीही दिसते. एफसीत परत आलेला नग तपासणारा माणूस खोकं, लेबल आणि वरवरची स्थिती बघतो. जाळ्या पाच की सहा, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. तो "विकण्याजोगा" म्हणून पुन्हा फळीवर जातो आणि पुढचा ग्राहक एक तारा देऊन लिहितो, "जाळी कमी, वापरलेला माल दिला." ग्राहकाच्या लेखी वापरलेला माल तुम्हीच विकला.

यावर उपाय आहे, पण तो माल पाठवण्याआधी करावा लागतो. सहाही जाळ्या एका पारदर्शक आवरणात बंद करा आणि खोक्याच्या दोन्ही झाकणांवर फाटल्यावर लगेच दिसेल असं सील लावा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "सोऱ्या १, जाळ्या ६" छापा. सील फाटलेला नग "विकण्याजोगा" ठरण्याची शक्यता मग कमी होते. प्रत्येक खोक्यावर बाजारपेठेने दिलेलं तुमचं स्वतःचं बारकोड लेबल लावा आणि कारखान्याचा बारकोड त्याखाली झाका. दोन बारकोड उघडे राहिले तर चुकीचा स्कॅन होतो आणि नग हिशेबातून गायब होतो. एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा नंबर यांचा मजकूर मात्र झाकू नका, तो कायद्याने दिसायलाच हवा.

घरून पाठवत असाल तर परतीचं पार्सल उघडताना सलग एकाच व्हिडिओत वरचं लेबल, एअरवे बिल नंबर, सील, वजनकाटा आणि मग आतला माल दाखवा. दुसरीच वस्तू किंवा रिकामं खोकं आलं तर दावा याच व्हिडिओवर टिकतो. दाव्याची मुदत सेलर खात्यात दिलेली असते आणि ती पार्सल तुमच्या हातात आल्यापासून धावते. आलेली पार्सलं रविवारपर्यंत कोपऱ्यात साठवून ठेवण्याची सवय इथे महागात पडते.

घरून पाठवणाऱ्यावर वेळेचं बंधनही असतं. अ‍ॅमेझॉन उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत आणि विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी २.५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतं. शंभर ऑर्डरींत पाच उशीर म्हणजे मर्यादा ओलांडली. जुलैच्या पावसात पिकअपवाला दोन दिवस आला नाही तर हे सहज होतं. पॅक करून तयार असल्याची नोंद वेळेत करा, आणि पिकअप चुकला तर त्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. गावी जाणार असाल तर खात्यात सुट्टी टाकून जा.

दिवाळीनंतरचा आठवडा

भाऊबीज झाली की एफसीतल्या शिल्लक मालाचा अहवाल काढा. आत गेलेले नग, त्यात परत आलेले नग मिळवून, विकलेले वजा केल्यावर जेवढे उरायला हवेत तेवढेच तिथे दिसतात का ते बघा. कमी दिसले तर हरवलेल्या मालाचा दावा लगेच टाका, खरेदीचं बिल आणि गोदामात माल उतरवल्याचा शिक्का असलेलं चलन जोडा. हे चलन टेम्पोवाल्याच्याच खिशात राहतं, म्हणून गेटवरून निघायच्या आधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगा.

मग उरलेल्या नगांपैकी पुढच्या दोन महिन्यांत खपतील तेवढे तिथे ठेवा, बाकीची परतीची ऑर्डर त्याच आठवड्यात टाका. सणानंतर सगळेच विक्रेते हेच करतात आणि रांग लांबत जाते. परतीचा पत्ता वॉचमन पार्सल घेईल असा द्या. खोकी वेगवेगळ्या दिवशी, सुटी-सुटी येतात. प्रत्येक उघडून जाळ्या मोजा. पाच जाळ्यांचे सोऱ्ये बाजूला काढा आणि सुट्या जाळ्यांचा संच कारखान्यातून मागवून ते पूर्ण करा. हे नग पुढे घरूनच पाठवा.